पैसा आला कुठून, गेला कुठे?

वळसंगच्या वेशीवर एका सभासदाने आम्हाला गाठले. "अहवालात कामकाजातून आठ कोटी आले म्हणता, मग आमची बिलं कुठायत?" प्रश्न रास्त आहे. म्हणून रोख प्रवाह पत्रक तपासतात कसे ते एका मांडलेल्या हिशेबावरून सांगतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत.

पत्रकाचे तीन भाग असतात : कामकाज, गुंतवणूक आणि भांडवल-कर्ज. आमच्या उदाहरणात कामकाजातून 8 कोटी आले, यंत्रसामग्रीत 6 कोटी गेले, भांडवल-कर्जात 1 कोटी गेले. वाढ 1 कोटी. बँकशिल्लक 2 वरून 3 कोटी झाली, म्हणजे मेळ बसला. पण थांबायचे नाही, कारण रक्कम चुकीच्या खान्यात टाकली तरी बेरीज तीच येते!

यंत्रांचे आधी पाहू. ताळेबंदात यंत्रे 40 वरून 43 कोटी झाली, घसारा 3 कोटी, विक्री नाही. म्हणजे खरेदी 6 कोटींची. पुरवठादाराचे देणे राहिलेले नाही, तेव्हा हे बरोबर.

आता कामकाज. ताळेबंदात साखरेवरचे मालतारण कर्ज 5 कोटींनी वाढले होते. ते थोड्या मुदतीचे, म्हणून कारकुनाने ते चालू देण्यांत धरून कामकाजात मिळवले. कर्ज थोड्या मुदतीचे असले तरी कर्जच. 1997 साली सुधारलेल्या लेखा मानक 3 प्रमाणे ते तिसऱ्या भागात जाते. कामकाजाचे 8 चे 3 कोटी झाले.

मग ऊसबिलाचे खाते. सुरुवातीचे देणे 6, हंगामातला ऊस 80, अखेरचे देणे 15 कोटी. म्हणजे 71 कोटी भागले. पण बँकेच्या उताऱ्यात शेतकऱ्यांना गेलेले 69 कोटीच निघाले. मधले 2 कोटी बिलातून ठेव म्हणून कापलेले. पत्रकात ही ठेव कर्ज-भागात आलेली रोकड म्हणून दाखवली होती. रोकड आलीही नाही, गेलीही नाही. नुसती नोंद फिरली. असा व्यवहार पत्रकात येत नाही, वेगळ्या टिपेत येतो. म्हणून कामकाज 5 कोटी, आणि कर्ज-भाग उणे 1 ऐवजी अधिक 2 झाला. 5 वजा 6 अधिक 2, वाढ तीच 1 कोटी.

पण ते 5 कोटी कशाचे? उसाचे देणे 9 कोटींनी वाढले आहे. ते वाढू दिले नसते, तर कामकाज 4 कोटींनी तुटीत गेले असते. वळसंगच्या सभासदाचे बिल तिथे अडकले आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, पुढे वार्षिक 15 टक्के व्याज लागते. तेव्हा ते व्याज देण्यांत धरले आहे का, हेही तपासनिसाने पाहावे लागते.

सभेला येताना ताळेबंदाचे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा आणि "देय ऊसबिले" ही ओळ आधी वाचा.