ह्युगे : मेणबत्तीच्या पलीकडचा एक शब्द

2016 साली इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत ‘ह्युगे’ या डॅनिश शब्दावरच्या पुस्तकांची रांगच लागली. मुखपृष्ठांवर मेणबत्त्या, लोकरी मोजे, वाफाळती कॉफी. मीही त्यातलं एक पुस्तक घेतलं आणि हा शब्द म्हणजे हिवाळ्यातली ऊब, असं बराच काळ समजत होतो. पुढे डॅनिश शब्दकोश लावून वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं की मेणबत्ती हा या शब्दाचा एक कोपरा आहे.

आधी उच्चार. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचं, आणि पुढचा ‘ग’ असा, की आपल्या कानाला तो ‘क’कडे झुकलेला वाटतो. लिहिताना मी ‘ह्युगे’ लिहितो. ती तडजोड आहे. शब्द मूळचा नॉर्वेजियन. डेन्मार्क आणि नॉर्वे 1814पर्यंत एका राजाखाली होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो डॅनिश लिखाणात दिसू लागतो.

इंग्रजी पुस्तकांत हे नाम आहे, दुकानातून आणता येईल अशी एक वस्तू. डॅनिश माणसाच्या तोंडी मात्र ते बरेचदा क्रियापद असतं, तेही स्वतःकडे वळलेलं : ‘वि ह्युगर ओस’, म्हणजे शब्दशः ‘आम्ही स्वतःला ह्युगे करतो आहोत’. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचं मला ‘रमणे’ वाटतं. माणूस एकटा पुस्तकात रमतो, चौघांत रमतो, भर उन्हाळ्यात बागेत रमतो; डॅनिशमध्ये या तिन्ही ठिकाणी हेच क्रियापद चालतं. निरोप घेताना ‘ह्युग दाय’ म्हणतात, आपण ‘मजा कर’ म्हणतो तसं. घरी परतताना यजमानाला ‘दे वार ह्युगलीत’, छान वाटलं. त्यानंतर पुन्हा भेट झाली की ‘ताक फॉर सिस्त’, मागच्या वेळेबद्दल आभार. (डॅनिशमध्ये ‘ताक’ म्हणजे आभार, आपल्याकडे ते जेवणाच्या शेवटी येतं, हा योगायोग मला आवडतो.) आणि ‘कधीतरी भेटलं तर ह्युगली होईल’ असं कोणी म्हटलं, तर लगेच तारीख विचारू नये. ते आमंत्रण असेलच असं नाही.

मला सर्वांत बोलका वाटला तो ‘फॉर ह्युगेन्स स्क्युल’ हा प्रयोग, ‘ह्युगेखातर’. पत्ते ह्युगेखातर खेळायचे म्हणजे पैसे लावायचे नाहीत आणि जिंकण्याची ईर्षाही धरायची नाही. इथे शब्दाचा गाभा हाती लागतो. टेबलाभोवतीच्या कोणी इतरांहून वर चढायचं नाही, कोणी चमकायचं नाही, काही पणाला लावायचं नाही. मेणबत्ती लागते ती सगळ्यांचे चेहरे सारखे दिसावेत म्हणून, असं मी गमतीने म्हणतो.

मग उलट शब्द पाहावा. ‘ऊ-ह्युगली’चा अर्थ ‘ऊब नसलेलं’ असा होत नाही; होतो भेसूर, अंगावर काटा आणणारं. भुताची गोष्ट ऊ-ह्युगली असते, खुनाची बातमीही. ह्युगे मोडली की नुसती गैरसोय होत नाही, पायाखालचं काहीतरी सरकतं, असं भाषाच सांगते.

म्हणूनच ती मोडणारा दोषी ठरतो. माझ्या एका मित्राची भाची लग्न होऊन ऑर्हुसला असते. सासरच्या नाताळातल्या जेवणात एका वडीलधाऱ्याने तिच्या रंगावरून विनोद केला. सगळे हसले. तिने विचारलं, “यात हसण्यासारखं काय आहे?” शांतता पसरली. मग सासूबाई हलकेच म्हणाल्या, “आता आपण ह्युगे करू या ना.” त्या रागावलेल्या नव्हत्या, आवाजात मायाच होती. पण त्या एका वाक्याने विनोद करणारा सुटला आणि प्रश्न विचारणारी वातावरण बिघडवणारी ठरली. राजकारण, पैसा, जुनी भांडणं यांना टेबलावर जागा नसते; त्याच नियमाने तिच्या तक्रारीलाही ती मिळाली नाही.

डॅनिश लोकांना हे दिसत नाही असं नाही. त्यांच्याच सार्वजनिक चर्चेत ‘ह्युगेरासिस्मे’ असा जोडशब्द रूढ झाला आहे : हसतखेळत, ‘आपलंच माणूस’ म्हणत केलेला वर्णद्वेष. यप्पे ट्रोले लिनेट या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञाने 2011च्या लेखात ह्युगेकडे समाजावर अंकुश ठेवणारी गोष्ट म्हणूनही पाहिलं आहे. ह्युगे हे सोंग आहे, असा याचा अर्थ मी घेत नाही. ती खरी असते, म्हणून तर तिच्या नावाने गप्प बसवता येतं. बनावट मायेला कोणी इतकं जपत नाही.

भाचीशी मी फोनवर बोललो. त्या रात्री दारात सासूबाईंनी तिला मिठी मारली आणि दोघी एकमेकींना ‘दे वार ह्युगलीत’ म्हणाल्या. तिने ते नुसतं रीत म्हणून म्हटलं का, असं मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली, “बाकीची संध्याकाळ खरंच तशी होती.” पुढच्या नाताळात तोच पाहुणा पुन्हा टेबलावर असेल. त्याला ‘ताक फॉर सिस्त’ म्हणायचं की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही.