अनेकांच्या दुरुस्त्या, एकाचे भाषण

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचे एक तरुण अमेरिकी मिशनरी खेळांचे प्रशिक्षक होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून ते मायदेशी परतले आणि नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे देऊ लागले. त्या विद्यार्थ्यांपैकी एक होता जॉन लुईस. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाखांच्या समुदायापुढे त्याला बोलायचे होते. वय तेवीस, विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष, आणि वक्त्यांमध्ये सर्वांत लहान.

भाषणाच्या प्रती आदल्या दिवशीच बाहेर गेल्या आणि चहूकडून आक्षेप येऊ लागले. अडचण अशी की ते आक्षेप एकाच दिशेचे नव्हते. कॅथॉलिक आर्चबिशप ओबॉयल यांना ‘धीर’ या शब्दाला घाणेरडा म्हटलेले खपले नाही. ते वाक्य राहिले, तर आरंभीची प्रार्थना आपण म्हणणार नाही, असे त्यांनी कळविले. प्रोटेस्टंट धर्मगुरू ब्लेक यांना ‘क्रांती’ आणि ‘जनसमूह’ या शब्दांत साम्यवादाचा वास आला. रॉय विल्किन्स यांना सरकारच्या नागरी हक्क विधेयकावरची टीका नको होती. उलट लुईसच्या सोबत्यांना एकही शब्द बदलणे मान्य नव्हते.

अशा वेळी सर्वांचे थोडे थोडे ऐकून मधला मार्ग काढण्याचा मोह होतो. त्यातून जे तयार होते ते कोणाचेच भाषण नसते. येथे तसे झाले नाही, याचे श्रेय बव्हंशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या ए. फिलिप रँडॉल्फ यांना द्यावे लागते. त्यांनी आक्षेपांना एकाच तराजूत तोलले नाही. ‘क्रांती’ आणि ‘जनसमूह’ हे शब्द आपण स्वतः वापरत आलो आहोत, असे सांगून त्यांनी ब्लेक यांचा आक्षेप बाजूला सारला, आणि ते शब्द राहिले. एक उपमा मात्र गाळावी, अशी त्यांनी विनंती केली. अमेरिकी यादवी युद्धात सेनापती शर्मन याने दक्षिणेकडील प्रांत जाळीत कूच केले होते. आपणही तसेच कूच करू, असे मसुद्यात होते. ‘अहिंसेने’ हा शब्द त्यात असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात आगच उरली असती. आयुष्यभर या दिवसाची वाट पाहिली, तो बिघडवू नका, एवढेच ते वृद्ध गृहस्थ म्हणाले. तेव्हा लुईस नमला.

पुढची गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी. आक्षेप इतरांचे असले, तरी नवी वाक्ये लिहिली ती लुईस आणि त्याचे सहकारी फोरमन व कॉक्स यांनीच. लिंकनच्या भव्य पुतळ्यामागील खोलीत, बाहेर सभा चालू असताना, टंकलेखन यंत्रावर मजकूर पुन्हा उतरविला गेला. शर्मनच्या जागी आता दक्षिणेतील शहरांची नावे आली: जॅक्सन, डॅनव्हिल, केंब्रिज, बर्मिंगहॅम. त्या रस्त्यांवरून आपण प्रेमाने आणि सन्मानाने चालू, असे वाक्य झाले. कूच कायम राहिले, जाळपोळ गेली. धीराची निंदा तर आदल्या रात्रीच निघाली होती; प्रत्यक्ष भाषणात, धीर धरा म्हणणाऱ्यांना आम्ही धीर धरू शकत नाही, असे उत्तर आले. दोष शब्दाला न देता नकार स्वतःच्या नावाने दिल्याने धार कमी झाली नाही, आणि आर्चबिशपांनाही प्रार्थना म्हणता आली.

विधेयकाचे कोडे अधिक कठीण होते, कारण तेथे शब्दाचा नव्हे, भूमिकेचा प्रश्न होता. मनापासून पाठिंबा देता येत नाही, असे मूळ वाक्य होते. पाठिंबा देतो, पण मोठ्या हातच्या राखणीने, असे ते झाले. विल्किन्स यांना पाठिंबा मिळाला. मात्र त्यालगतच विधेयकात काय नाही याची यादी तशीच राहिली: पोलिसी कुत्रे आणि पाण्याच्या नळ्यांच्या माऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मुलांना व वृद्ध स्त्रियांना संरक्षण नाही. वर्षाला एक लाख डॉलर मिळविणाऱ्या घरात आठवड्याला पाच डॉलरवर राबणारी मोलकरीणही भाषणात राहिली. भाषण कोणाचे, हे ओळखू येत होते ते या तपशिलांवरून. शर्मनच्या उपमेवरून नव्हे.

सगळेच मात्र वाचले नाही. संघराज्य सरकार नेमके कोणाच्या बाजूचे आहे, हा मसुद्यातील थेट प्रश्न गळला. तो कोणत्याही धर्माला वा व्यक्तीला दुखविणारा नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेही नाही. त्या दिवसाच्या दुरुस्त्यांत खरे नुकसान झाले असेल, तर ते एवढेच.