पेढीने उतरविलेला कीमॅन विमा : हप्ता, दावा आणि वहीतील नोंद

आमच्या हाथीखान्यातील तीन बंधूंच्या एका धान्य पेढीत काही वर्षांपूर्वी एक दुःखद प्रसंग घडला. वडील बंधू अल्प आजाराने निवर्तले. गुजरात, माळवा व खानदेश या तिन्ही बाजूंच्या अडत्यांशी त्यांचा व्यवहार केवळ शब्दावर चालत असे, आणि पेढीची अर्धी पत त्यांच्या नावावर होती. तेराव्यानंतर मी भेटीस गेलो असता वहिनींनी हळू आवाजात विचारले, "भाऊजी, ह्यांच्या नावाचा पन्नास लाखांचा विमा होता म्हणतात. तो मला मिळायचा की दुकानाला?" धाकटे बंधू त्याच खोलीत मान खाली घालून बसले होते. मलाही तत्काळ उत्तर देता आले नाही. पुढे त्या पेढीच्या वह्या पाहण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जे शिकलो ते येथे मांडतो. आकडे हिशेबाला सोपे केले आहेत, व्यवहार मात्र तोच आहे.

कीमॅन विमा म्हणजे ज्या माणसाच्या जाण्याने धंद्याचे नुकसान होईल, त्याच्या जीवावर पेढीने उतरविलेला विमा होय. जीव त्या माणसाचा असला तरी प्रस्ताव पेढीचा, हप्ता पेढीचा आणि विमापत्राची मालकीही पेढीचीच असते. म्हणूनच त्यात पत्नीचे नामनिर्देशन होत नाही. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे नामनिर्देशन करण्याचा अधिकार स्वतःच्या जीवावर स्वतःचा विमा असणाऱ्यास आहे. दुसऱ्याच्या जीवावर विमा घेणाऱ्या पेढीस तो नाही. तेव्हा वहिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की दाव्याची रक्कम पेढीकडे येणार. ती पेढीत आल्यावर पुढे कोणाकोणाची, हा प्रश्न निराळा आहे, आणि खरा तंटा तेथेच उभा राहतो.

प्रथम हप्त्याचे पाहू. या पेढीने १ ऑक्टोबर २०१९ रोजी विमा घेतला, वार्षिक हप्ता ४०,००० रुपये. योग्य नोंद सरळ आहे : कीमॅन विमा हप्ता खाते नावे, बँक खाते जमा; आणि वर्षअखेरीस ते खाते नफातोट्यास. हप्ता ऑक्टोबरात भरला म्हणजे ३१ मार्चला सहा महिन्यांचा विमा अद्याप शिल्लक असतो, म्हणून २०,००० रुपये आगाऊ भरलेला खर्च म्हणून ताळेबंदात नेणे हे शिस्तीचे होय. हा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळतो, असे प्रत्यक्ष कर मंडळाने १९९८ च्या परिपत्रक क्रमांक ७६२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तरीही भागीदारी पेढ्यांना पुष्कळ काळ एक शंका छळत असे. भागीदार हा नोकर नव्हे, तो तर मालकच. मग त्याच्या जीवावरील हप्ता हा त्याचा घरखर्च का मानू नये, असे कर अधिकारी विचारीत. मुंबई उच्च न्यायालयापुढे बी. एन. एक्सपोर्ट्स या पेढीचे प्रकरण नेमके हेच होते. २०१० साली न्यायालयाने पेढीच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याच्या व्याख्येत केवळ नोकर नाही, तर धंद्याशी कोणत्याही प्रकारे संबंध असलेला माणूस येतो, आणि भागीदाराच्या अकाली मृत्यूने धंद्याला बसणाऱ्या धक्क्यापासून संरक्षण हाच या विम्याचा हेतू आहे, असा त्याचा आशय. आपल्यासारख्या भागीदारीत चालणाऱ्या पेढ्यांना हा निर्णय फार मोलाचा आहे.

परंतु तो आधार टिकायचा तर आपली वही त्याला साक्ष असली पाहिजे. आमच्या या पेढीत पहिल्या दोन वर्षांचे हप्ते, म्हणजे ८०,००० रुपये, मुनीमजींनी वडील बंधूंच्या उचल खात्यास नावे टाकले होते. "दादांचा विमा म्हणून दादांच्या खात्यात," असे त्यांचे साधे तर्कशास्त्र. तिसऱ्या वर्षी नवीन हिशेबनीस आले व त्यांनी तोच हप्ता पेढीच्या खर्चात घातला. जिवंतपणी याचे कोणास काही वाटले नाही. मृत्यूनंतर मात्र चिरंजिवांनी पहिल्या दोन वर्षांची खतावणी पुढे केली व म्हटले, हप्ता वडिलांनी भरला, विमा वडिलांचा. काकांनी पुढील चार वर्षांची खतावणी दाखविली. एकाच विमापत्राला वहीने दोन मालक दिले होते! अखेर विमा कंपनीकडील प्रस्तावाची प्रत मागवावी लागली; तीत प्रस्तावक म्हणून पेढीचे नाव व शिक्का निघाला, तेव्हा तो मुद्दा मिटला. ८०,००० रुपये दादांच्या भांडवल खात्यास परत जमा करून चूक दुरुस्त केली. आपल्याकडे असे विमापत्र असेल तर हप्ता सर्व वर्षे एकाच खात्यात गेला आहे की नाही, हे आजच खतावणी उघडून पाहता येईल.

आता मृत्यूची नोंद. दादा १२ डिसेंबर २०२४ रोजी गेले. तोवर सहा हप्ते, एकूण २,४०,००० रुपये भरले होते. दावा मंजूर होऊन ३ फेब्रुवारी २०२५ रोजी बँकेत ४९,०४,८०० रुपये आले. धाकट्या बंधूंना वाटले की कंपनीने काही कापून घेतले. वस्तुतः तो मुळातून कापलेला कर होता. कीमॅनची रक्कम करमुक्त नसल्यामुळे कंपनी दाव्यातून भरलेले हप्ते वजा करून उरलेल्या रकमेवर कर कापते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर २ टक्के झाला. ५० लाखांतून २,४०,००० वजा जाता ४७,६०,०००, त्याचे २ टक्के ९५,२००. म्हणून नोंद अशी : बँक खाते नावे ४९,०४,८००, मुळात कापलेला कर खाते नावे ९५,२००, आणि कीमॅन विमा दावा खाते जमा ५०,००,०००. केवळ बँकेत आलेली रक्कम जमा करणे ही येथील नेहमीची चूक होय. तसे केल्यास उत्पन्न कमी दिसते आणि भरलेल्या कराचे श्रेयही हातचे जाते.

दावा खाते पुढे नफातोट्यास जाते, परंतु ते विक्रीच्या नफ्यात मिसळू नये. स्वतंत्र ओळीत दाखवावे. नाहीतर पुढील वर्षी बँक कर्जमर्यादा ठरविताना विचारील की गेल्या साली इतका नफा आणि यंदा का नाही.

कराविषयी बहुतेकांचा गैरसमज येथेच असतो. आयुर्विम्याची मृत्यूनंतरची रक्कम करमुक्त, हे आपण ऐकलेले असते, आणि साध्या विम्यास ते खरेही आहे. कीमॅन विम्यास मात्र १ ऑक्टोबर १९९६ पासून ती सवलत नाही. बोनससुद्धा संपूर्ण रक्कम धंद्याचे उत्पन्न ठरते. कापताना कंपनीने हप्ते वजा केले, तरी उत्पन्नात मोजताना ते वजा होत नाहीत, कारण ते त्या त्या वर्षी खर्चात आलेलेच असतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला व कलमांचे क्रमांक बदलले. हे सूत्र मात्र कायम आहे. भागीदारी पेढीचा कर ३० टक्के व त्यावर ४ टक्के उपकर. ५० लाखांवर १५,६०,००० रुपये गेले, उरले ३४,४०,०००. एकूण उत्पन्न एक कोटीच्या वर गेल्यास अधिभार वेगळा. दावा फेब्रुवारीत आला म्हणजे १५ मार्चच्या आगाऊ कराच्या हप्त्यात त्याचा हिशेब धरावा लागतो. शोकाच्या घरात ही तारीख कोणाच्या ध्यानी राहत नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. दादांचा हिस्सा ४० टक्के होता. करारपत्रात इतकेच लिहिले होते की भागीदार मरण पावल्यास पेढी चालू राहील व मृत्यूच्या दिवसापर्यंतचा नफा वारसांस मिळेल. विम्याचा उल्लेखच नव्हता. मग हा दावा मृत्यूपर्यंतचा नफा की मृत्यूनंतरचा? जुन्या पद्धतीच्या संयुक्त जीवन विम्यात रक्कम सर्व भागीदारांत, मृताच्या वारसांसह, हिश्श्याप्रमाणे वाटली जाते. चिरंजिवांनी तोच दाखला दिला. काकांचे म्हणणे असे की कीमॅन विमा हा दादांच्या जाण्याने पेढीला होणारे नुकसान भरून काढण्यासाठी, आणि ते नुकसान मागे राहिलेल्यांनी सोसायचे. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. करारातील त्या एका उणिवेची किंमत ३४,४०,००० चे ४० टक्के, म्हणजे १३,७६,००० रुपये होती.

माझे मत काकांच्या बाजूचे आहे, परंतु एका अटीवर. दादांचे भांडवल पेढीत ३० लाखांचे होते व ते वारसांस द्यावयाचे होते. गहू-तुरीचा माल गुदामात, पैसा उधारीत. अशा वेळी दाव्याची रक्कम प्रथम त्या भांडवलाच्या फेडीस लागली पाहिजे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ३७ सांगते की हिशेब न चुकविता मृताच्या पैशावर धंदा चालविल्यास, करारात वेगळे काही नसल्यास, वारस त्या पैशाच्या वापरातून आलेला नफा किंवा द.सा.द.शे. ६ व्याज, यांपैकी हवे ते मागू शकतात. काकांनी हे ऐकून भांडवल दोन महिन्यांत चुकते केले आणि दाव्याचा हिस्साही, वकिलांची वाट न पाहता, निम्मा कबूल केला. चिरंजिवांनी तेवढ्यावर समाधान मानले.

मुदत संपण्याविषयी थोडक्यात. विमा नियामकाने २००५ पासून कीमॅनसाठी केवळ शुद्ध मुदती विमाच ठेवला. त्यात माणूस हयात राहिल्यास काही मिळत नाही, म्हणून वहीत नोंदही नाही; हप्ता खाते बंद होते इतकेच. त्याआधी घेतलेली बचतीची विमापत्रे मात्र काही पेढ्यांत अजून असतील. हप्ते खर्चात गेल्याने ती ताळेबंदात दिसत नाहीत, तरी त्यांना समर्पणमूल्य असते. भागीदार निवृत्त होताना ते हिशेबात धरावे. मुदत भरल्यावर संपूर्ण रक्कम वरीलप्रमाणेच उत्पन्न. पूर्वी असे विमापत्र भागीदाराच्या नावे करून देऊन कर वाचविण्याची वाट होती. २०१३ च्या वित्त कायद्याने ती बंद केली. नावे करून दिले तरी ते कीमॅनच राहते.

नव्या करारपत्रात त्या बंधूंनी आता असे कलम घातले आहे की कीमॅन विम्याचा दावा पेढीचा राहील, कर वजा जाता तो प्रथम मृत भागीदाराच्या भांडवलाच्या फेडीस वापरावा, व उरलेल्या रकमेत वारसांचा हिस्सा नसेल. त्याचबरोबर दोन्ही बंधूंनी स्वतःच्या उचल खात्यातून, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, आपापल्या पत्नीच्या लाभासाठी निराळे विमे उतरविले आहेत. ती विमापत्रे पेढीच्या तिजोरीत न ठेवता घरातील कपाटात ठेवली आहेत.