अंतरपाट दूर होताना

शेवटचं ‘सावधान’ म्हटलं जातं, भटजी अंतरपाट ओढून घेतात, वाजंत्री सुरू होते आणि अक्षता उडतात. तेवढ्यात पहिला हार गळ्यात पडतोसुद्धा. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. नंतर जेवणाच्या पंगतीचा किंवा उखाण्याचा फोटो पुन्हा घेता येतो, हा घेता येत नाही. आणि नेमक्या याच वेळी मोबाइल हातात धरून पाहुणे पुढे सरकतात.

या क्षणासाठी फोटोग्राफरला उभं राहायला एकच चांगली जागा असते. वधू-वर समोरासमोर, मध्ये अंतरपाट. दोघांचे चेहरे एकाच चौकटीत हवे असतील तर त्याला अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत, बाजूने उभं राहावं लागतं. वधूच्या मागे गेलं तर फक्त वर दिसतो, वराच्या मागे गेलं तर फक्त वधू. जाणता फोटोग्राफर म्हणूनच भटजींना आधी विचारून ठेवतो, की अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार, आणि तो धरणाऱ्यांना थोडं कडेला उभं राहायला सांगतो. वधू-वरांपासून सात-आठ फुटांवर तो उभा असतो. मामा आणि पाठीमागच्या करवल्याही यायला हव्यात, म्हणून चौकट त्याने रुंद ठेवलेली असते. त्या सात-आठ फुटांत कोणीही पाऊल टाकलं, किंवा शेजारून नुसता हात लांब केला, तरी तो फोटोत येतो. पाठ दिसते, मोबाइलचा उजळलेला पडदा दिसतो, नवरीचा चेहरा झाकला जातो.

म्हणून आपली रेष कुठे आहे हे ठरवणं अगदी सोपं आहे. फोटोग्राफरच्या खांद्याच्या पुढे जायचं नाही आणि मोबाइल आपल्या चेहऱ्याच्या वर उचलायचा नाही. मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही मग लग्न दिसतं. समोरच्या बाजूला, म्हणजे फोटोग्राफरच्या बरोबर पलीकडे उभं राहणंही टाळावं, कारण तिथली माणसं त्याच्या फोटोची पार्श्वभूमी होतात. तोंडासमोर मोबाइल धरलेल्या माणसांची रांग नवरा-नवरीच्या मागे कायमची छापली जाते. त्यात सख्खी आत्या असली तरी तिचा चेहरा दिसत नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

दुसरा त्रास उजेडाचा. मोबाइलचा फ्लॅश फार तर पाच-सहा फुटांपर्यंत कामाचा असतो. हॉलच्या मधल्या रांगेतून तो लावला तर उजळतं ते पुढच्या माणसाचं डोकं. व्हिडिओसाठी टॉर्च लावून जवळ जाणं त्याहून वाईट, कारण तो उजेड नवरीच्या डोळ्यांवर येतो, ती डोळे बारीक करते आणि चेहऱ्यावर वेगळ्या रंगाची छटा पडते. कॅमेऱ्याचा मोठा फ्लॅश वापरणाऱ्या हौशी पाहुण्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोटोग्राफरने स्टँडवर ठेवलेले काही दिवे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड ओळखून पेटतात. तुम्ही बटण दाबलं की त्याचा दिवा पेटून जातो आणि पुन्हा पूर्ण तयार व्हायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात हार पडला, तर त्याचा फोटो काळोखा येतो. रेडिओवर चालणाऱ्या दिव्यांना ही अडचण नसते, पण कोणते दिवे आहेत हे आपल्याला लांबून कळत नाही. तेव्हा फ्लॅश बंदच ठेवावा.

स्टेजवरच्या ग्रुप फोटोत बिघडतात त्या नजरा. समोर पाच मोबाइल असले की काका एकीकडे बघतात, मावशी दुसरीकडे, आणि “इकडे बघ गं!” ऐकून नवरी तिसरीकडे. फोटोग्राफरचे दोन-तीन फोटो होईपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडेच बघावं. मग “दादा, आता आम्ही घेऊ का?” असं विचारलं की तो स्वतःहून बाजूला होतो.

होमाच्या वेळी वधू-वर खाली बसलेले असतात, त्यामुळे भोवती उभं राहिलेलं कडं त्यांचा उजेडही अडवतं. तिथे बसूनच फोटो घ्यावा. आणि घेतलेला कुठलाही फोटो वधू-वरांनी स्वतःचा टाकण्याआधी स्टेटसवर लावू नये. नवरीच्या तयारीच्या खोलीतला तर तिला विचारल्याशिवाय कुठेच नाही.

हे सगळं भर मुहूर्तावर सांगण्याची वेळ फोटोग्राफरवर आणू नये. तो पाहुण्यांना रागावू शकत नाही, आणि रागावला तर यजमानांना अवघड होतं. यजमानांनी मंगलाष्टकं सुरू होण्याआधी भटजींकडूनच माइकवर दोन वाक्यं वदवून घ्यावीत: मंडळी, अंतरपाट दूर होईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा, हातात फक्त अक्षता असू द्या. भटजींनी सांगितलेलं मांडवात सहसा कोणी मोडत नाही.