कॅबिनेटला हात लावला की मुंग्या का येतात?

पावसाळ्यात, फरशीवर अनवाणी उभं राहून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरून बोटांची मागची बाजू हलकेच फिरवली की बारीक झिणझिण जाणवते. पायात चप्पल असली तर काहीच नाही. ‘मशीनमध्ये करंट उतरलाय’ म्हणून माणूस कॅबिनेट उचलून दुकानात नेतो. तिथे ते ठणठणीत चालतं, झिणझिणही नाही. परत घरी आणलं की पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा मशीनमध्ये नसून घरातल्या बोर्डात असतो.

कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत वीज बदलतो. त्या गडबडीचा त्रास शेजारच्या उपकरणांना होऊ नये म्हणून आत दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून. दोघांची दुसरी टोकं कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली. नको असलेली गडबड पत्र्यावर यावी आणि तिथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी, अशी ही सोय आहे. ती तारच नसेल, तर पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या बरोबर मध्ये लोंबकळतो, म्हणजे 230 व्होल्टच्या निम्म्यावर, सुमारे 115 व्होल्टवर.

एवढ्या व्होल्टेजने माणूस फेकला कसा जात नाही? कारण कपॅसिटर फारच थोडी वीज पुढे सोडतो. साधारण 4.7 नॅनोफॅरडचा असेल, तर अंगातून जाणारा प्रवाह जेमतेम एक तृतीयांश मिलिअँपिअर भरतो. बहुतेकांना अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास जाणीव होते, म्हणून एकट्या कॅबिनेटचा करंट कुणाला कळतो, कुणाला नाही. आता त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर मॉनिटर आणि लेझर प्रिंटरही लावा. तिघांच्या अर्थच्या पिना बोर्डात एकमेकींना जोडलेल्या, पण भिंतीकडे जाणारी वायर दोनच तारांची. तिघांची गळती एकत्र होते, जवळपास एक मिलिअँपिअर, आणि तीही ज्याचा हात आधी लागेल त्याच्यातून जाते. तो बोर्ड उघडून पाहिला तर अर्थच्या पितळी पट्टीला हिरवी तार नसतेच. भिंतीतलं सॉकेट थ्री-पिनचं असूनही काही फायदा होत नाही.

झिणझिण स्वतः धोक्याची नाही. पण उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडेल किंवा ब्रेकर पडेल. नसताना पत्रा सरळ 230 व्होल्टवर जाईल आणि कपॅसिटरचा लगामही राहणार नाही.

लॅपटॉपचं गणित थोडं वेगळं. टू-पिन अडॅप्टरला अर्थ नसतोच. तो दुहेरी इन्सुलेशनवर चालतो, लेबलवर चौकोनात चौकोन ही त्याची खूण. त्यातही विजेच्या बाजूला आणि लॅपटॉपच्या बाजूला सांधणारा एक कपॅसिटर असतो, त्यामुळे चांगल्या कंपनीचा, धातूच्या बॉडीचा लॅपटॉपही चार्जिंग चालू असताना झिणझिणतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये हा कपॅसिटर निकामी झाला तरी शॉर्ट होऊ नये अशा खास जातीचा असतो. स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये त्याजागी साधा सिरॅमिक बसवला जातो. तो शॉर्ट झाला की फेज थेट लॅपटॉपच्या बॉडीवर. दोन बाजूंमध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी, तिथेही काटकसर होते. काही स्वस्त थ्री-पिन केबलींमध्ये तर जाड पिन नुसती दिखाऊ असते; आत तिला तारच नसते. अडॅप्टर घेताना लेबलवर ‘R-’ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि तो बीआयएस केअर अॅपवर तपासावा, कारण छापायला काय, काहीही छापता येतं.

टेस्टर मात्र इथे उपयोगाचा नाही. त्याचा दिवा इतक्या थोड्या प्रवाहावर पेटतो की निरुपद्रवी गळती आणि खरा बिघाड त्याला सारखेच. मल्टिमीटर लावावा, आणि सवय नसेल तर वायरमनकडून लावून घ्यावा. सॉकेटमध्ये फेज-अर्थ 230च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट दाखवले तर अर्थिंग बहुधा लागलेलं आहे. फेज-अर्थ साठ-सत्तर दाखवले तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट. घरात गीझर, इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थमध्ये नेमका शून्य आला, तर सॉकेटच्या आत कुणीतरी दोघांना तुकड्याने जोडून ठेवलंय का, हे उघडून बघायला सांगावं. झिणझिण थांबते म्हणून असा ‘जुगाड’ सर्रास होतो. मग न्यूट्रल कुठे सुटला की त्या बोर्डावरच्या प्रत्येक पत्र्यावर, बंद असलेल्या मशीनच्यासुद्धा, पूर्ण फेज येते.