धरणे आणि आत घेणे : एलडीएल-ग्राहीच्या एका दोषाचा अभ्यास

मराठीत ‘ग्रहण करणे’ या क्रियापदात दोन अर्थ एकत्र नांदतात. वस्तू हाती धरणे हा एक आणि ती आत घेऊन आपलीशी करणे हा दुसरा. व्यवहारात या दोहोंत भेद करण्याचे कारण सहसा पडत नाही. परंतु पेशी रक्तातील कोलेस्टेरॉल कसे उचलते, हे समजून घेताना हा भेद कळीचा ठरतो. कारण पहिली क्रिया शाबूत असून दुसरी मात्र पूर्णपणे नष्ट झाली आहे, असा एक रुग्ण 1976 मध्ये संशोधकांच्या पाहण्यात आला. प्रस्तुत लेखात त्याच उदाहरणाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून त्याची वाहतूक मेद व प्रथिन यांच्या संयुक्त कणांमधून होते. कमी घनतेचा, म्हणजे एलडीएल, हा असा एक कण होय. त्याचा व्यास सुमारे 22 नॅनोमीटर असतो. गाभ्यात कोलेस्टेरॉल-एस्टरचे सुमारे 1,500 रेणू असतात आणि कवचावर अपो-बी 100 या प्रचंड प्रथिनाचा एकच रेणू असतो. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही हे प्रथिन ओळखून कणाला धरतो. असे ग्राही पृष्ठभागावर विखुरलेले न राहता क्लॅथ्रिन या प्रथिनाचे अस्तर असलेल्या खळग्यांत गोळा होतात. खळगा आत ओढला जाऊन त्याची पिशवी बनते. पिशवीतील आम्लता वाढली की ग्राही कणाला सोडून देतो व पृष्ठभागावर परततो. या फेरीस सुमारे दहा मिनिटे लागतात. कण मात्र लायसोसोममध्ये जातो. तेथे त्याच्या प्रथिनाचे विघटन होते आणि कोलेस्टेरॉल मोकळे होते. या मोकळ्या कोलेस्टेरॉलमुळे पेशीची स्वतःची कोलेस्टेरॉल-निर्मिती थंडावते व नवे ग्राही बनण्याचे प्रमाणही घटते.

ही साखळी उलगडण्याचे श्रेय डॅलस येथील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना आहे. त्यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलता असलेल्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी काचपात्रांत वाढवून त्यांनी हा अभ्यास केला. ज्यांना आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले आहे, अशा रुग्णांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मापासूनच सहा ते आठ पटींनी अधिक असते आणि बालपणीही त्यांना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा बहुतेक रुग्णांच्या पेशी एलडीएल मुळीच धरीत नाहीत, असे 1974 मध्ये दिसून आले. म्हणजे दोष पहिल्याच पायरीवर होता.

धरलेला कण बाहेर आहे की आत गेला, हे ओळखण्याची रीत साधी होती. एलडीएलला किरणोत्सर्गी आयोडिन जोडीत. पेशी 4 अंश सेल्सिअसला ठेवल्या की कण चिकटतात, परंतु आत जात नाहीत. त्या 37 अंशांवर आणून काही काळाने हेपारिनने धुतल्या की पृष्ठभागावरील कण सुटून येतात. आत गेलेल्या कणांवर मात्र हेपारिनचा परिणाम होत नाही. निरोगी पेशींत ऊब मिळताच हेपारिनने सुटणारा अंश झपाट्याने घटतो आणि पुढे तुटलेल्या प्रथिनाचे किरणोत्सर्गी तुकडे द्रवात दिसू लागतात.

वर उल्लेखिलेल्या रुग्णाच्या पेशी या कसोटीला लावल्या, तेव्हा एक विसंगती आढळली. त्या एलडीएल व्यवस्थित धरीत होत्या. पण 37 अंशांवर कितीही वेळ ठेवल्या तरी सर्व कण हेपारिनने धुऊन निघत. विघटनही होत नव्हते. पुढे 1977 मध्ये फेरिटिन जोडलेले एलडीएल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कारण दिसले. अस्तराचे खळगे होते, ग्राहीही होते, परंतु ग्राही खळग्यांत गोळा न होता इतस्ततः पसरलेले होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. धरण्याचे व आत नेण्याचे काम दोन निराळी प्रथिने करतात काय? उत्तर त्या कुटुंबातच सापडले. आईच्या पेशी निम्मेच एलडीएल धरीत, पण धरलेले सारे आत नेत. वडिलांच्या पेशी पुरेसे धरीत, पण त्यातील निम्मेच आत नेत. हे दोष दोन निराळ्या जनुकांतील असते, तर मुलाला प्रत्येक जनुकाची एकेक निर्दोष प्रत मिळून त्याच्या पेशींनी काही कण तरी आत नेले असते. तसे घडले नाही. म्हणून दोन्ही दोष एकाच जनुकातील ठरतात. आईकडून न धरणारा आणि वडिलांकडून धरूनही आत न नेणारा ग्राही मुलाला मिळाला होता. अर्थात एकाच रेणूत दोन्ही कामांची स्वतंत्र सोय असली पाहिजे. हे अनुमान 1986 साली जनुकाच्या वाचनाने खरे ठरले. ग्राहीत 839 ॲमिनो अम्ले असतात. त्यांपैकी शेवटची 50 पेशीच्या आत शेपटीसारखी असतात. या शेपटीतील 807 व्या स्थानी टायरोसिनऐवजी सिस्टीन आले होते. कण धरणारा बाहेरचा भाग अबाधित होता. खळग्याकडे नेणारी खूण तेवढी पुसली गेली होती.

आता रक्ताकडे वळू. निरोगी माणसात रक्तद्रवातील एलडीएलपैकी दररोज सुमारे 45 टक्के काढून टाकले जाते. दोन्ही प्रती सदोष असल्यास हे प्रमाण 18 टक्क्यांवर येते, म्हणजे साधारण अडीच पट घटते. उत्पादन तेवढेच राहिले, तर रक्तातील साठाही अडीच पटच वाढावयास हवा. प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळ अधिक असतो. याचे कारण असे की एलडीएलचा पूर्वगामी कणही याच ग्राहीमार्फत यकृतात शिरतो. तो मार्ग बंद झाला की त्यातील अधिक कण रक्तातच राहून एलडीएलमध्ये रूपांतरित होतात व उत्पादन सुमारे दुप्पट होते. अडीच आणि दोन यांचा गुणाकार पाच होतो. म्हणून साठा पाचपटीच्या आसपास जातो. एकाच ग्राहीच्या अभावाने निचरा मंदावतो आणि आवकही वाढते, असा हा दुहेरी आघात आहे.

त्वचेच्या पेशींवरील कसोटीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. शेपटीतील टायरोसिनच्या खुणेला धरून ग्राहीला खळग्याशी जोडणारे एक प्रथिन यकृतपेशींना अत्यावश्यक असते. त्याचे जनुक 2001 मध्ये ओळखले गेले. ते दोन्ही प्रतींत सदोष असलेल्या रुग्णांत ग्राही निर्दोष असूनही यकृत एलडीएल आत घेऊ शकत नाही आणि रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. त्यांच्या त्वचेच्या पेशी मात्र बहुधा जवळजवळ निरोगी पेशींप्रमाणेच वागतात. तेव्हा काचपात्रातील उत्तर निर्दोष आले म्हणून यकृतही निर्दोष आहे असे मानता येत नाही. ‘ग्रहण’ कोठे अडले हे ठरविताना ते कोणत्या पेशीत तपासले, याचाही विचार करणे आवश्यक आहे.