स्लाइड नऊवरची फुली

एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर नव्याने निवडून आलेल्या गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "एकोणतीस शाखा एका रात्रीत नव्या सॉफ्टवेअरवर कशाला नेल्या? एकेक करून न्यायच्या होत्या की!" प्रश्न रास्त होता. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आयटी प्रमुखांकडे पाहिलं, आयटी प्रमुखांनी माझ्याकडे. "पीपीटीत आहे ना ते?" मी लॅपटॉप उघडला. पीपीटीत होतं, पण काय होतं? स्लाइड नऊवर तीन पर्यायांचा तक्ता होता. शाखानिहाय स्थलांतराच्या ओळीत 'खर्च जास्त, कालावधी जास्त' असं लिहिलेलं आणि पुढे लाल फुली. कशापेक्षा जास्त, किती जास्त, हे कुठेच नव्हतं. त्या दिवशी आम्ही सगळे थातूरमातूर बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून मी निर्णयांची नोंदवही लिहायला बसले.

(बँकेचं नाव सांगत नाही. आकडेही थोडे बदलले आहेत, पण हिशोब तोच आहे.)

स्टिअरिंग कमिटी म्हणजे मोठ्या कामाचं सुकाणू धरणारी समिती. महिन्यातून एकदा बसते, तासाभरात पंचवीस-तीस स्लाइड पाहते आणि उठते. त्या स्लाइडच्या गठ्ठ्याला कंपन्यांत 'डेक' म्हणतात, आपण पीपीटी म्हणतो. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त ज्यांनी लिहिलंय त्यांना फरक चटकन कळेल. इतिवृत्त सभेनंतर लिहिलं जातं, पीपीटी सभेच्या आधी. पीपीटीत असते ती मागणी. मंजुरी तिच्यात असूच शकत नाही, कारण ती बनवली तेव्हा मंजुरी मिळालेलीच नव्हती. पीपीटीवरून नोंदवही करताना सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. 'शिफारस : पर्याय क' ही स्लाइड उचलायची आणि नोंदवहीत 'पर्याय क मंजूर' लिहून मोकळं व्हायचं.

मीही पहिल्या दिवशी तेच केलं. मग फेब्रुवारीच्या बैठकीचं इतिवृत्त मिळालं. त्यात एक वाक्य होतं : पर्याय क ला मान्यता, मात्र वार्षिक ताळेबंदाचं काम आटोपल्याशिवाय पहिली शाखा हलवू नये. ही अट त्या पीपीटीत नव्हतीच, आणि पुढच्या महिन्याच्या पीपीटीतही कोणी घातली नव्हती. म्हणून आता प्रत्येक नोंदीला आधी 'स्थिती' लिहिते : प्रस्तावित, मंजूर, अटीसह मंजूर, पुढे ढकलला, नंतरच्या निर्णयाने बदलला. मंजुरीचा कागद हाती आल्याशिवाय नोंद 'प्रस्तावित'च्या पुढे सरकत नाही. इतिवृत्तातल्या क्रियापदांकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. 'मान्यता देण्यात आली' आणि 'नोंद घेण्यात आली' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समितीने नोंद घेतली म्हणजे ऐकून घेतलं, एवढंच.

आता त्या फुलीकडे वळू. पर्याय तीन होते. अ : सगळ्या ३१ शाखा एकदम. ब : थोड्या थोड्या करत शाखानिहाय. क : आधी दोन शाखांवर प्रयोग आणि मग उरलेल्या २९ एकदम. समितीने क निवडला. तो का निवडला हे पीपीटीत सविस्तर होतं, कारण निवडलेल्या पर्यायाची वकिली करायलाच स्लाइड बनते. नाकारलेल्यांच्या वाट्याला दोन-तीन शब्द येतात. पण वर्षभराने कोणी जाब विचारतं तेव्हा तो नाकारलेल्यांबद्दलच विचारतं.

ब का नाकारला, हे मला स्लाइडच्या खाली सापडलं. पीपीटीत प्रत्येक स्लाइडखाली वक्त्याने स्वतःसाठी टिपणं लिहायची जागा असते, स्पीकर नोट्स. पडद्यावर ती दिसत नाहीत आणि पीडीएफ करून पाठवली तर बहुधा गळून जातात. म्हणून पीडीएफवर समाधान मानू नये, मूळ फाइल मागावी. त्या टिपणांत असं होतं : शाखा हलवायला सलग दोन दिवस बँक बंद हवी, म्हणजे दुसरा किंवा चौथा शनिवार आणि त्याला लागून रविवार. महिन्यात अशा दोनच जोड्या. एका जोडीत दोन शाखा धरल्या तर महिन्याला चार, आणि ३१ शाखांना जवळजवळ आठ महिने. तेवढा काळ जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालणार. जुन्या शाखेतल्या खातेदाराने नव्या शाखेत पैसे भरले की ती नोंद दोन्हीकडे जुळवायची, तीही हाताने, रोज संध्याकाळी, मुख्य कार्यालयात. आणि मुख्य कार्यालयाच्या हिशोब विभागात माणसं होती चार.

'कालावधी जास्त' या दोन शब्दांखाली हे सगळं दडलं होतं. नोंदवहीत हे कारण असं उतरलं तर नव्या संचालकांना उत्तर मिळतं, आणि ते पटलं नाही तर नेमकं कुठे पटलं नाही हेही त्यांना सांगता येतं.

स्लाइडवर महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरात तळाला जाते, हा अनुभव फक्त आमच्या बँकेचा नाही. २००३ मध्ये कोलंबिया यान अंतराळात असताना, उड्डाणावेळी त्याच्या डाव्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल अभियंत्यांनी नासासाठी स्लाइड केल्या होत्या. त्यांतल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. चाचण्यांत वापरलेला तुकडा सुमारे ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घन इंचांचा, म्हणजे या चाचण्यांवरून काही सांगणं धाडसाचं आहे, ही बाब होती अगदी शेवटच्या ओळीत. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावला त्यातच होत्या. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्रपणे चिरफाड केली आहे. तेव्हापासून मी पीपीटी खालून वर वाचते : आधी शेवटची पुरवणी, मग टिपणं, मग तळटिपा, आणि मथळे सगळ्यात शेवटी.

कारण कुठेच सापडलं नाही तर? तर 'कारण नोंदलेलं नाही' असं लिहायचं. हे जड जातं. रिकामी जागा पाहिली की हात शिवशिवतो आणि आपल्याला सुचलेलं शहाणं कारण आपण लिहून टाकतो. पर्याय अ बद्दल माझं तसंच झालं होतं. 'धोका जास्त' एवढंच स्लाइडवर होतं. मी मनाने लिहिलं, 'कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण अपुरं'. नंतर आयटी प्रमुखांशी बोलले तर प्रशिक्षणाचा संबंधच नव्हता. काही बिघडलं तर रविवारी रात्रीपर्यंत जुन्या सॉफ्टवेअरवर परतायची तालीम एकदाही झालेली नव्हती, ही खरी भीती होती. विचारण्याचीही एक रीत आहे. "क का निवडलात?" असं विचारलं की माणूस समर्थन करतो, आणि काम तडीला गेल्यावर सगळी समर्थनं सुंदर असतात. "अ घेतला असता तर तुम्हाला रात्री झोप कशामुळे लागली नसती?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. तरीही ते नंतर आठवून सांगितलेलं असतं, म्हणून तसा शेरा मारायचा.

सगळं जमल्यावर सातवी नोंद अशी झाली :

निर्णय : दोन शाखांवर प्रयोग करून उरलेल्या २९ शाखा एकाच शनिवार-रविवारी नव्या सॉफ्टवेअरवर नेणे. स्थिती : अटीसह मंजूर, फेब्रुवारीची बैठक. अट : ताळेबंदाचं काम संपल्यावरच सुरुवात. नाकारलेले पर्याय : (अ) सर्व शाखा एकदम, परतीची तालीम झालेली नव्हती (आयटी प्रमुखांनी नंतर सांगितलं). (ब) शाखानिहाय, दोन्ही सॉफ्टवेअर सुमारे आठ महिने एकत्र, आंतरशाखीय नोंदी रोज हाताने जुळवणं चार माणसांना अशक्य (स्लाइड ९, टिपणं). कशावर अवलंबून : हिशोब विभागात चारच माणसं, हलवायला दोन दिवस बंद आवश्यक. आधार : फेब्रुवारीची पीपीटी, इतिवृत्ताचा चौथा मुद्दा.

यातली 'कशावर अवलंबून' ही ओळ बहुतेक नमुन्यांत नसते, पण मला ती सगळ्यात कामाची वाटते. पर्याय कायमचा वाईट नसतो. त्या वेळच्या परिस्थितीत तो बसत नसतो. परिस्थिती बदलली तर नाकारलेलं पुन्हा उघडून पाहता यावं. सॉफ्टवेअरवाल्यांत अशा नोंदींची पद्धत मायकेल नायगार्ड यांच्या २०११ मधल्या लेखाने रूढ झाली. त्यांच्या आराखड्यात संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम असतात. नाकारलेल्या पर्यायांसाठी वेगळी जागा पुढे अनेकांनी जोडली.

प्रत्येक स्लाइडमधून नोंद काढायची नसते, हेही सांगायला हवं. फेब्रुवारीच्या २८ स्लाइडमधून मी पहिल्या झटक्यात चाळीसेक 'निर्णय' काढले होते. बरेचसे नुसती कामं होती : अमुकने तमुकला पत्र पाठवावं. ती कामांच्या यादीत गेली. मग एकच चाळणी लावली : हे ठरल्यामुळे एखादी दुसरी वाट बंद झाली का? सहा उरले.

पण सगळ्यात त्रास झाला तो कुठल्याच स्लाइडवर नसलेल्या निर्णयांचा. ते सापडतात दोन महिन्यांच्या पीपीटी शेजारी शेजारी ठेवल्यावर. फेब्रुवारीत 'लॉकर' पहिल्या टप्प्यात होतं. मार्चमध्ये दुसऱ्या टप्प्यात. मध्ये बैठक नाही, इतिवृत्तात शब्द नाही. कोणीतरी तक्त्यातली एक चौकट उजवीकडे सरकवली होती. समितीने ती स्लाइड पाहिली, पुढे गेली, आणि निर्णय झाला. अशीच तारखांची, रकमांची आणि रंगांचीही गंमत असते. एखादं काम पिवळ्याचं हिरवं होतं, पण काम पुढे गेलेलंच नसतं. हिरव्याची व्याख्या बदललेली असते.

लॉकरचं विचारायला मी पुरवठादाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ते तर तुमच्याकडूनच आलं होतं." आयटी प्रमुख म्हणाले, पुरवठादाराकडून. अकरावी नोंद अजून तशीच आहे. स्थिती : अंमलात, मंजुरी आढळत नाही. निर्णय कोणाचा : नोंदलेलं नाही. कारण : नोंदलेलं नाही. पुढच्या बैठकीच्या पीपीटीत ती पहिल्या स्लाइडवर घातली आहे, मोठ्या अक्षरात.